बॅच चालवणारे आणि बॅच थांबवणारे

रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या तरुणाची पहिली नोकरी बहुधा कारखान्यातल्या उत्पादन विभागात असते. महाराष्ट्रात तो महाड, लोटे परशुराम, रोहा, तारापूर किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत जातो. तिथे औषधांचे मूळ घटक, रंग, कीटकनाशके आणि त्यांना लागणारी मधली रसायने तयार होतात. त्यातले बरेचसे काम ‘बॅच’ पद्धतीचे असते. एका बंद रिॲक्टरमध्ये ठरलेला माल भरायचा, ढवळायचा, तापवायचा किंवा थंड करायचा, अभिक्रिया पूर्ण झाली की माल बाहेर काढायचा आणि पुढची बॅच लावायची, असा हा क्रम. वर्षभर ‘ट्रेनी’ म्हणून काढल्यावर त्याच्याकडे शिफ्ट सोपवली जाते. तेव्हापासून आठ तास त्या विभागातले रिॲक्टर, ऑपरेटर आणि कंत्राटी कामगार यांची जबाबदारी त्याच्यावर असते.

पाळ्या तीन असतात: फर्स्ट, सेकंड आणि नाईट. काही दिवसांनी पाळी बदलते, तसे झोपेचे आणि जेवणाचे वेळापत्रकही बदलते. सण आणि घरची कार्ये पाळीच्या यादीत बसली तरच साजरी होतात. रिलीव्हर आला नाही तर पुढची पाळीही करावी लागते, कारण चालू बॅच सोडून कोणालाच जाता येत नाही. पहाटे तीनच्या सुमारास शरीर झोप मागते आणि निर्णय मंदावतात. त्याच वेळी कारखान्यात मॅनेजर, मेंटेनन्सचे वरिष्ठ आणि प्रयोगशाळेचे प्रमुख यांच्यापैकी कोणी हजर नसते. त्यामुळे दिवसा चार जण मिळून घेतात तो निर्णय रात्री एकट्या शिफ्ट इंजिनिअरला घ्यावा लागतो. या नोकरीची खरी कसोटी तिथेच लागते.

अनेक अभिक्रियांमध्ये उष्णता बाहेर पडते. ती काढून घेण्यासाठी रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमधून थंड पाणी किंवा ब्राइन फिरवतात. दोन रसायने एकदम मिसळली तर एवढी उष्णता एकाच वेळी निघेल की जॅकेटला ती पेलणार नाही. म्हणून एक रसायन आधी भरून ठेवतात आणि दुसरे काही तासांत थोडे थोडे सोडतात. समजा, एका बॅचमध्ये हे ‘ॲडिशन’ पन्नास अंश सेल्सिअसला सहा तासांत करायचे आहे. तापमान वाढून साठ झाले तर ऑपरेटर सावध होतो, कारण धोका समोर दिसतो. पण ते पस्तीसवर उतरले तर नवशिक्याला बरेच वाटते. रिॲक्टर थंड आहे म्हणजे सुरक्षित आहे, असा त्याचा समज होतो, आणि तो घातक ठरू शकतो. थंडीमुळे अभिक्रियेचा वेग कमी होतो, पण वरून माल पडतच राहतो. तो वापरला न जाता आत साठत जातो. नंतर कोणी तापमान पुन्हा पन्नासवर आणले की साठलेला सगळा माल एकदम अभिक्रियेत उतरतो.

स्टररचेही असेच आहे. ढवळणे बंद पडले तर एकमेकांत न विरघळणारे दोन द्रव वेगळे होऊन त्यांचे थर बनतात आणि अभिक्रिया जवळजवळ थांबते. अशा वेळी ॲडिशन चालू राहिले आणि वीज आल्यावर कोणी घाईने स्टरर सुरू केला, तर दोन्ही थर क्षणात मिसळतात. कधी कपलिंग तुटते. मग मोटर फिरत राहते, पण आतले पाते फिरत नाही, आणि पॅनेलवर मात्र स्टरर चालू असल्याचेच दिसते. खरा प्रकार मोटरच्या अँपिअरवरून कळतो, कारण भार गेल्यामुळे आकडा नेहमीपेक्षा खाली येतो. चांगला शिफ्ट इंजिनिअर म्हणूनच तापमानाच्या जोडीला जॅकेटमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यातला फरक आणि स्टररचे अँपिअर पाहतो. जिथे उष्णता निघायला हवी तिथे ती निघत नसेल, तर ॲडिशन आधी बंद करावे आणि कारण नंतर शोधावे. साठलेल्या मालाचे काय करायचे, हे त्या अभिक्रियेची माहिती असलेल्या माणसाला रात्री उठवून विचारावे. त्या फोनचा संकोच वाटणे हे या कामातले मोठे दुर्गुण.

पाळी बदलताना ही सगळी माहिती पुढच्या माणसाच्या हाती पडावी लागते. लॉगबुकमध्ये ‘बॅच चालू, सर्व ठीक’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती नोंद असून नसल्यासारखी आहे. ॲडिशन किती झाले, मध्ये किती वेळ थांबले, कोणता व्हॉल्व्ह बंद ठेवला आहे, कोणता पंप दुरुस्तीला उघडला आहे आणि कोणते वर्क परमिट अजून खुले आहे, हे लिहायचे आणि शक्यतो रिॲक्टरपाशी उभे राहून दाखवायचे. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ या तेल-वायूच्या फलाटावर याच जागी साखळी तुटली. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दिवसा तपासणीसाठी काढला होता आणि त्या जागी झाकण बसवले होते. हे रात्रपाळीपर्यंत नीट पोहोचले नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा तिथल्या लोकांनी हाच पंप सुरू केला. वायू गळला, स्फोट झाला आणि 167 माणसे गेली. वर्क परमिटचे कागद होते, पण ते योग्य वेळी योग्य माणसासमोर आले नाहीत.

वर्क परमिटवरची सही ही तरुण इंजिनिअरच्या आयुष्यातली पहिली मोठी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी म्हणायला हवी. वेल्डिंगसाठी, उंचीवरच्या कामासाठी, टाकीत उतरण्यासाठी वेगवेगळी परमिटे असतात. टाकीत माणूस उतरवायचा असेल, तर तिला जोडलेल्या पाइपांवर केवळ व्हॉल्व्ह बंद असणे पुरत नाही. पाइप तोडून वेगळे करावे लागतात किंवा मध्ये धातूची भरीव चकती, म्हणजे ‘ब्लाइंड’, टाकावी लागते. आतली हवा मोजून ऑक्सिजन किमान साडेएकोणीस टक्के असल्याची खात्री करावी लागते. नायट्रोजनला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे आत तो भरलेला असेल तर उतरणाऱ्याला कळण्याआधीच शुद्ध हरपते. त्याला वाचवायला मास्क न लावता धावणारा दुसराही तिथेच पडतो. म्हणून ऑफिसात बसून परमिटवर सही करणारा इंजिनिअर कितीही हुशार असला, तरी शिफ्टसाठी लायक नाही.

तीन ते पाच वर्षांच्या शिफ्टनंतर वाटा फुटतात. काही जण उत्पादनातच राहून विभागप्रमुख होतात, काही नव्या प्रकल्पांच्या उभारणीत जातात. तिसरी वाट तांत्रिक नेतृत्वाची. प्रयोगशाळेत बनलेले रसायन कारखान्यात कसे बनवायचे, आणि ते बनवावे की नाही, हे या वाटेवरचा माणूस ठरवतो. इथे शिफ्टचा अनुभव आणि पुस्तकातले गणित एकत्र यावे लागते.

गणित तसे सोपे आहे. भांड्याचा आकार सर्व बाजूंनी दहापट केला की आत मावणारा माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर नेणारी भिंत शंभरपटच वाढते. म्हणजे प्रत्येक लिटर मालाच्या वाट्याला येणारी थंड भिंत दहापटीने घटते. काचेच्या चंबूत बर्फावर शांत राहिलेली अभिक्रिया मोठ्या रिॲक्टरमध्ये तशीच वागेल, असे म्हणून चालत नाही. यासाठी रिॲक्शन कॅलरीमीटरने उष्णता मोजतात आणि एक प्रश्न विचारतात: आत्ता, याच क्षणी थंड पाणी बंद झाले तर तापमान कुठवर जाईल? समजा, संपूर्ण अभिक्रियेची उष्णता आतच अडकली तर तापमान ऐंशी अंशांनी वाढते. मग पन्नास अंशांवरची बॅच एकशेतीसपर्यंत जाईल. ॲडिशन असे बेतले की कोणत्याही क्षणी तीस टक्क्यांहून जास्त माल साठणार नाही, आणि पाणी बंद होताच ॲडिशनही थांबते, तर तीच वाढ चोवीस अंशांची आणि शेवट चौऱ्याहत्तरवर. पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. त्या तापमानाला मिश्रणात दुसरी एखादी, आजवर न दिसलेली अभिक्रिया सुरू होते का?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल इथे ‘टी-टू लॅबोरेटरीज’ या छोट्या कंपनीत हा प्रश्न विचारला गेला नाही. तिचे दोन मालक होते, एक रसायनशास्त्रज्ञ आणि एक रासायनिक अभियंता. पेट्रोलमध्ये मिसळायचे एक रसायन ते सोडियम धातू वापरून बनवत. एक लिटरच्या प्रयोगांवरून ते थेट सुमारे नऊ हजार लिटरच्या रिॲक्टरवर गेले, मधल्या आकारावर चाचणी झाली नाही. सुरुवातीच्या बॅचपैकी काहींमध्ये तापमान हाताबाहेर गेले होते, तेव्हा त्यांनी तापवण्या-थंड करण्याची पद्धत बदलली. पुढे बॅचचा आकार सुमारे एकतृतीयांशाने वाढवला. थंड करण्यासाठी जॅकेटमध्ये शहराच्या नळाचे पाणी सोडत, दुसरी सोय नव्हती.

19 डिसेंबर 2007 रोजी 175वी बॅच चालू असताना थंड करण्याची यंत्रणा निकामी झाली. तापमान साधारण दोनशे अंशांजवळ गेले, आणि तिथे सोडियम व द्रावक यांच्यात दुसरी, जास्त जोरदार अभिक्रिया सुरू झाली. तिची मालकांना कल्पना नव्हती. दाब सोडणारी रप्चर डिस्क फुटली, पण तिचा दाब इतका उंच ठरवला होता की तोवर उशीर झाला होता. ऑपरेटरने अडचण कळवल्यानंतर काही मिनिटांतच रिॲक्टर फुटला. चार जण ठार आणि बत्तीस जण जखमी झाले. मृतांत अभियंता मालकही होता. आधीच्या 174 बॅच सुखरूप पार पडल्या, यावरून ती प्रक्रिया सुरक्षित होती असे सिद्ध झाले नव्हते. एवढेच खरे होते की तोवर पाणी कधी निर्णायक क्षणी बंद पडले नव्हते.

तांत्रिक नेत्याची रोजची कामे इथूनच निघतात. ‘हॅझॉप’ बैठकीत तो प्रत्येक पाइपाबाबत विचारतो: इथे प्रवाह थांबला तर, उलटा वाहिला तर, तापमान वाढले तर काय होईल? ऑपरेटर त्या खोलीत नसेल, तर बैठक निम्मी वाया जाते, कारण व्हॉल्व्ह प्रत्यक्षात कसा अडकतो हे त्यालाच ठाऊक असते. दुसरे काम बदलांवर लक्ष ठेवण्याचे. बॅच दहा टक्क्यांनी वाढवणे, वेगळ्या पुरवठादाराचे द्रावक घेणे, ॲडिशन सहाऐवजी चार तासांत उरकणे, हे कागदावर किरकोळ दिसते. यातला प्रत्येक बदल उष्णतेचे गणित पुन्हा मांडून, लेखी मंजुरीनेच व्हायला हवा. विक्री विभागाची घाई असताना ‘आकडे येईपर्यंत नाही’ असे सांगण्याची ताकद पदाबरोबर येत नाही. शिफ्टमध्ये असताना पहाटे तीनला ज्याने बॅच थांबवली आहे, त्याच्यात ती बहुधा असते.

भोपाळमध्ये डिसेंबर 1984 मध्ये मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीची शीतकरण यंत्रणा बंद ठेवलेली होती. त्या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळे प्रकरण घालण्यात आले. त्याने कामगारांना सुरक्षा व्यवस्थापनात सहभागाचा आणि जवळ आलेल्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क दिला. ‘टी-टू’च्या तपासानंतर अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने रासायनिक अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात अभिक्रियांच्या धोक्यांचे शिक्षण घालण्याची शिफारस केली. ज्यांच्या महाविद्यालयात हा विषय शिकवला जात नाही, त्यांनी तो नोकरीआधी स्वतः शिकून घ्यावा. मुलाखतीत कंपनीला एक प्रश्नही विचारावा: इथे शिफ्ट इंजिनिअरला कोणाचीही परवानगी न घेता बॅच थांबवता येते का, आणि तसे कुठे लिहिलेले आहे?