जठर नसताना जेवण

जठर काढल्यावर किंवा वजन घटवण्याच्या बायपासनंतर अन्न साठवणारी कोठी उरत नाही. अशा माणसाने वाटीभर शिरा आणि गोड चहा घेतला, की साखर भसकन लहान आतड्यात उतरते आणि रक्तातले पाणी तिकडे ओढले जाते. अर्ध्या तासाच्या आत पोटात कळ, धडधड, जुलाब. एक ते तीन तासांनी घाम आणि थरथर सुटली, तर इन्सुलिन जास्त स्रवून साखर घसरलेली असते.

म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे, सावकाश चावून खावे. आधी अंडे किंवा पनीर, मग भाकरी. पाणी अर्ध्या तासाने.

बी-१२ची तूट मात्र गुपचूप येते. ते शोषायला लागणारे प्रथिन जठरातच तयार होते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून पायांना मुंग्या उशिरा येतात. संपूर्ण जठर काढलेल्यांना त्याची इंजेक्शने सहसा जन्मभर घ्यावी लागतात.