ऑक्सिजनपाशी उतरणारी पायरी

अमरावती आणि अकोला या दोन्ही गावांतल्या अकरावी-बारावीच्या वर्गांत मी एक प्रश्न दरवर्षी विचारत आलो. बेरिलियम, बोरॉन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांना आयनीभवन ऊर्जेच्या चढत्या क्रमाने लावा. वायुरूपातल्या सुट्या अणूतून त्याचा सर्वांत सैल धरलेला इलेक्ट्रॉन काढायला जी ऊर्जा लागते, ती आयनीभवन ऊर्जा.

या प्रश्नात बहुधा अभ्यासू मुलेच अडकतात, कारण त्यांना नियम नीट समजलेला असतो. आवर्तसारणीच्या एका ओळीत डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकातला एकेक प्रोटॉन वाढतो, नवा इलेक्ट्रॉन मात्र त्याच कवचात येतो. केंद्रकाची ओढ वाढते, म्हणून ऊर्जाही वाढते. मग प्रश्नात दिला तोच क्रम उत्तराचा! अकोल्याच्या एका मुलीने तो कारणासह लिहिला. खरा क्रम आहे बोरॉन, बेरिलियम, ऑक्सिजन, नायट्रोजन. नीटच्या परीक्षेत अशा उत्तराचे चार गुण जातात आणि वर एक कापला जातो. उत्तरपत्रिका पाहून ती म्हणाली, "सर, नियम वाढाचा हाये, मंग ऑक्सिजनची कमी कायले?"

गाइडांतले ठरलेले उत्तर असे की, नायट्रोजनचे तीन पी-ऑर्बिटल अर्धे भरलेले असतात आणि अर्धी भरलेली रचना स्थिर असते. हे पाठ केले तर गुण मिळतात. माझ्या मते मात्र हे कारण नव्हे, हे त्या गोष्टीला दिलेले नाव आहे. स्थिर का, हा प्रश्न तिथेच राहतो. शिवाय त्यातून असे वाटते की नायट्रोजन एकटाच ओळीबाहेर उंच उभा आहे. आकडे तसे सांगत नाहीत.

ते आकडे किलोज्यूल प्रति मोलमध्ये पाहू. बोरॉन 801, कार्बन 1086, नायट्रोजन 1402. दर पायरीला सुमारे तीनशेची चढ. पुढे ऑक्सिजन 1314, फ्लोरिन 1681, निऑन 2081. इथेही चढ आहेच, उलट थोडी अधिक. पहिल्या तिघांची चाल तशीच पुढे नेली असती तर ऑक्सिजन सतराशेच्या आसपास यायला हवा होता, आणि फ्लोरिन, निऑन त्याहून बरेच वर. म्हणजे नायट्रोजन अवाजवी उंच नाही. ऑक्सिजनपासून पुढचे तिघेही खाली सरकले आहेत. एकाच जिन्याचे दोन तुकडे आहेत आणि दुसरा तुकडा खालून सुरू होतो.

वर्गात हे सांगायला अमरावती-अकोला एसटी कामी येते. दोघांची बाके तीन रिकामी असली तर तीन अनोळखी माणसे तीन बाकांवर एकेक बसतात. मूर्तिजापूरला चढलेल्या चौथ्याला कुणाच्या तरी शेजारी बसावेच लागते. पी-ऑर्बिटलही तीनच. ऑक्सिजनचा चौथा पी-इलेक्ट्रॉन आधीच्या एकाशी जोडीने राहतो, दोघे ऋणभारित असल्याने एकमेकांना ढकलतात, म्हणून त्यातला एक काढणे सोपे जाते. पाचवा आणि सहावाही जोडीनेच बसतात, म्हणून फ्लोरिन आणि निऑनही घसरलेले.

उपमा इथवरच चालते. एसटीत नसलेली एक गोष्ट अणूत आहे. एकाच दिशेच्या फिरकीचे इलेक्ट्रॉन आपोआप एकमेकांपासून दूर राहतात आणि त्यांच्यातली ढकलाढकल कमी होते. नायट्रोजनमधून एक इलेक्ट्रॉन काढला तर अशा दोन सोयीच्या जोड्या मोडतात. ऑक्सिजनचा उलट फिरकीचा इलेक्ट्रॉन काढला तर पी-ऑर्बिटलांतली एकही मोडत नाही. बोरॉनपासून निऑनपर्यंत मोडणाऱ्या जोड्या मोजा: शून्य, एक, दोन, पुन्हा शून्य, एक, दोन. जिन्याचे दोन तुकडे इथेही दिसतात.

बेरिलियम-बोरॉनची गोष्ट वेगळी. तिला हेच उत्तर चिकटवू नये. बेरिलियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन 2s मध्ये असतो, बोरॉनचा 2p मध्ये. 2p ची पातळी वरची आणि आतल्या इलेक्ट्रॉनांच्या आडोशाने केंद्रकाची ओढ तिथे कमी पोचते. म्हणून एक प्रोटॉन जास्त असूनही बोरॉन 801 वर आणि बेरिलियम 899 वर.

त्या मुलीचा पुढचा प्रश्न याहून चांगला होता: खालच्या ओळींतही असेच का? फॉस्फरस 1012, गंधक 1000. घसरण आहे, पण जेमतेम. अणू मोठा झाला की इलेक्ट्रॉनांना ऐसपैस जागा मिळते, जोडीने राहण्याचा त्रास कमी होतो, आणि वाढलेल्या प्रोटॉनची ओढ वरचढ ठरू लागते. आणखी दोन ओळी खाली अँटिमनी 834 आणि त्याचा शेजारी टेल्युरियम 869. तिथे पायरी उतरतच नाही. अर्ध्या भरलेल्या ऑर्बिटलचे उत्तर पाठ केलेला विद्यार्थी त्या जोडीपाशी चुकतो आणि तिने लिहिलेला साधा नियम बरोबर ठरतो.