अनोळखी सीनियरला पहिली नोट

लिंक्डइनवर मोफत खात्यातून कनेक्शन मागताना सोबतच्या नोटला जेमतेम 200 अक्षरांची जागा मिळते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते. फ्रेशरची निम्मी जागा ‘मी एक मेहनती विद्यार्थी’ यातच संपते आणि उरलेल्यात रेफरलची मागणी येते. इथेच गोष्ट बिघडते. रेफरल देणारा कंपनीत स्वतःचं नाव पुढे करत असतो. ज्याचं काम पाहिलं नाही, त्याच्यासाठी तो ते का करेल?

त्यापेक्षा असं लिहावं: ‘नमस्कार सर, मी आपल्याच सीओईपीची, मेकॅनिकल 2025. टाटा मोटर्समधल्या बॅटरी कूलिंगवरची तुमची पोस्ट वाचली. माझा प्रोजेक्टही त्यावरच होता. कामाबद्दल एक-दोन प्रश्न विचारायचे आहेत.’

कॉलेज आणि वर्षामुळे ओळख पटते. पण खरं वजन पोस्टच्या उल्लेखाला आहे, कारण ते वाक्य दुसऱ्या कुणाला पाठवताच येत नाही. आपली नोट नाव बदलून दहा जणांना चालत असेल, तर ती अजून कच्ची आहे.

विनंती स्वीकारली गेली की लगेच बायोडेटा धाडू नये. आधी तो प्रश्न विचारावा, दोन मिनिटांत उत्तर देता येईल असा: ‘या टीममध्ये नवख्याला पहिल्यांदा टेस्टिंगचं काम मिळतं की सिम्युलेशनचं?’