सोने तेवढेच, कर्ज मात्र अधिक

सोन्याचा भाव चढला की लोक म्हणतात, सराफांची चंगळ झाली. माझे वडील कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका पेढीसाठी दागिने घडवतात. त्यांना मजुरी मिळते ती ग्रॅमवर, भाव कितीही असो. त्यामुळे आमच्या घरात रुपयांपेक्षा ग्रॅमचीच बोलणी जास्त. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. वर्गात शिकलेले ‘खेळते भांडवल’ पेढीवर कसे दिसते, हे मी इथे मांडून पाहते.

जानेवारी २०२४ मध्ये दहा ग्रॅम शुद्ध सोने ६३,००० रुपयांच्या आसपास होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते १,२०,००० च्या वर गेले. हिशेब सोपा व्हावा म्हणून ग्रॅमचा भाव ६,००० वरून १२,००० झाला असे धरू.

एक सराफ कल्पावा. त्याच्या दुकानात दोन किलो सोने आहे. एवढे नसेल तर काचेची कपाटे रिकामी दिसतात आणि गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. जुन्या भावाने हा माल १ कोटी २० लाखांचा. बँक मालाच्या किमतीतून पंचवीस टक्के मार्जिन वगळते, म्हणजे ३० लाख सराफाचे स्वतःचे आणि ९० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा बँकेची.

आता भाव दुप्पट झाला. कोणी विचारील, यात अडचण कसली? १२,००० ने विकावे आणि १२,००० नेच घ्यावे! पण इथेच मेख आहे. सगळा माल हळूहळू विकला गेला, हातात २ कोटी ४० लाख आले. खरेदी १ कोटी २० लाखांची, म्हणून उरलेले १ कोटी २० लाख वहीत नफा ठरतात आणि त्यावर प्राप्तिकर लागतो. कर तीस टक्के धरला तर ३६ लाख गेले. राहिलेल्या २ कोटी ४ लाखांत नव्या भावाने १,७०० ग्रॅमच सोने येते. घरखर्चाला एक पैसाही न काढता तीनशे ग्रॅम गायब! वहीत मात्र सराफ श्रीमंत झालेला दिसतो.

हे तीनशे ग्रॅम भरून काढायला तो बँकेकडे जातो. १,७०० ग्रॅमवरही पंचवीस टक्के वगळून १ कोटी ५३ लाखांची उचल बसते, पण मंजूर मर्यादा ९० लाखांचीच. माल महागला म्हणून मर्यादा आपोआप वाढत नाही. नवा अर्ज, नवा ताळेबंद, नवी मंजुरी लागते. छोट्या व्यापाऱ्यांसाठी बँकांची एक रूढ रीत आहे : वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या वीस टक्के मर्यादा द्यायची. पूर्वी वर्षाला साडेसात किलो विकले जाई, म्हणजे साडेचार कोटी, आणि त्याचे वीस टक्के बरोबर ९० लाख. भाव दुप्पट झाल्यावर गिऱ्हाईक वजन कमी करते. तीन तोळ्यांचा हार दोन तोळ्यांवर येतो. विक्री पाच किलोवर उतरली तरी रुपयांत ती सहा कोटी होते. मर्यादा मिळते १ कोटी २० लाख. वाढीव तीस लाखांत अडीचशे ग्रॅम आले. दोन किलोला अजून पन्नास ग्रॅम कमीच.

व्याज दहा टक्के धरले तर आधी वर्षाला नऊ लाख जात, तेही साडेसात किलोवर, म्हणजे ग्रॅममागे १२० रुपये. आता बारा लाख, पाच किलोवर. ग्रॅममागे २४० रुपये. घडणावळ टक्क्यांत घेणाऱ्या सराफाला हे झेपते, कारण भावाबरोबर तीही वाढते. ग्रॅमवर मजुरी घेणाऱ्या कारागिराकडे मात्र काम साडेसात किलोंचे पाच किलो होते, आणि दर तोच.

काही पेढ्या बँकेकडून रुपयांऐवजी सोनेच उधार घेतात. तिथे चटका लगेच बसतो. साठ लाखांच्या मर्यादेत पूर्वी एक किलो मिळे, आता अर्धा.

भाव उतरला तर? आपल्या सराफाकडे १,९५० ग्रॅम आहे आणि उचल पूर्ण १ कोटी २० लाखांची. बँकेला दिलेल्या पत्रकात मालाची किंमत खरेदीभाव किंवा बाजारभाव यांतला जो कमी तो धरतात. ग्रॅमचा भाव ९,००० झाला तरी निभावते. ८,००० झाला की माल १ कोटी ५६ लाखांचा आणि उचल बसते १ कोटी १७ लाख. तीन लाख ताबडतोब भरावे लागतात, आणि ते भरण्यासाठी सोनेच विकावे लागते, तेही उतरत्या भावात.

म्हणून दर महिन्याच्या स्टॉक पत्रकात रुपयांचा रकाना चढता आणि ग्रॅमचा उतरता दिसू लागला, तर पेढी आतून आटते आहे असे समजावे. वडील हे पत्रक कधी पाहत नाहीत. सराफाने सोमवारी किती ग्रॅम तोलून हातात दिले, त्यावरून त्यांना ते कळते.