बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढताय? आधी पावती वाचायला शिका!

आपल्या भंडारा जिल्ह्यात लाखनी, पवनी, लाखांदूरकडच्या गावांत पैसे काढायला लोक बँक मित्राकडे जातात. आधार नंबर सांगायचा, मशीनवर अंगठा ठेवायचा आणि नोटा मोजून घ्यायच्या. सोपं आहे. पण एक लक्षात ठेवा, हा अंगठा म्हणजे तुमची सही आहे. ती कशावर केली, हे फक्त पावतीवर कळतं.

एक उदाहरण बघू. समजा, एका ताईंचा शिवणकामाचा छोटा धंदा आहे. खात्यात ७,४५० रुपये आहेत आणि कापड आणायला ३,००० काढायचे आहेत. एजंट आधी बँकेचं नाव निवडतो, मग आधार नंबर आणि रक्कम टाकतो. इथंच स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा. बँक तुमचीच आहे का, रक्कम बरोबर आहे का, हे बघूनच अंगठा ठेवा. एका वेळी जास्तीत जास्त १०,००० रुपये निघतात. काही बँकांची मर्यादा याहून कमी असते.

आता एजंट म्हणतो, "ताई, फेल झालं, परत अंगठा लावा." रोवणीच्या दिवसांत किंवा विड्या वळून बोटांच्या रेषा झिजतात, त्यामुळे असं खरंच होतं. मशीनची काच ओली किंवा मळकी असली तरी होतं. पण दरवेळी कारण तेच असतं असं नाही. कधी कधी खात्यातून पैसे कटतात आणि नेटवर्क गेल्यामुळे एजंटच्या मशीनला उत्तरच पोचत नाही. अशा वेळी दुसरा अंगठा लावला तर दोनदा ३,००० कटू शकतात. म्हणून फेल झालेल्या व्यवहाराचीही पावती मागा, मोबाईलवर मेसेज आला का बघा, आणि शंका असेल तर आधी फक्त बॅलन्स तपासायला सांगा. ७,४५० दिसले तर पैसे कटलेले नाहीत, पुन्हा प्रयत्न करा. ४,४५० दिसले तर थांबा.

पण बॅलन्स बघायलाही अंगठाच लागतो ना? म्हणूनच पावतीवर सगळ्यात आधी व्यवहाराचा प्रकार वाचा. नुसतं बॅलन्स बघितलं असेल तर BALANCE ENQUIRY हवं. तिथं CASH WITHDRAWAL छापलं असेल, तर तुमच्या खात्यातून पैसे काढले गेलेत. "बॅलन्स बघतो" म्हणून अंगठा घ्यायचा आणि रक्कम काढून घ्यायची, ही फसवणूक अशीच होते. एजंटनं पावती दिलीच नाही तर ती कळणार कशी?

मग रक्कम बघा, आणि उरलेली शिल्लक स्वतः वजाबाकी करून ताडून बघा. ७,४५० वजा ३,००० म्हणजे ४,४५०. पावतीवर १,४५० दिसले, तर आधीचा "फेल" व्यवहार खरं तर झालेला आहे. आधारचे शेवटचे चार आकडे तुमचेच आहेत का, तारीख-वेळ बरोबर आहे का, तेही बघा. शेवटी RRN नावाचा १२ आकडी नंबर शोधा. बँक तुमचा व्यवहार याच नंबरानं शोधते. ही पावती थर्मल कागदाची असते आणि काही महिन्यांत अक्षरं उडतात, म्हणून लगेच मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

पैसे कटले पण हातात आले नाहीत तर एजंटशी भांडत बसू नका. ज्या बँकेत खातं आहे तिथं RRN देऊन लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत यायला हवेत. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते.

आणि हो, एजंट "हजारामागं दहा रुपये द्या" म्हणाला तर देऊ नका. त्याला कमिशन बँकेकडून मिळतं. ग्राहकाकडून परस्पर पैसे घ्यायची त्याला परवानगी नाही.

तुमच्यापैकी कुणी उद्या बँक मित्राचं केंद्र घेणार असेल, तर हेच सगळं उलट बाजूनं करा. स्क्रीन ग्राहकाला दाखवा, रक्कम मोठ्यानं वाचा, मगच अंगठा घ्या, आणि व्यवहार फेल झाला तरी पावती हातात द्या. सहा महिन्यांनी कुणी "माझे पैसे मिळाले नाहीत" म्हणून दारात आलं, तर ती पावती आणि तो RRN तुमच्याही बाजूनं बोलेल.

पुढच्या वेळी पैसे काढाल तेव्हा नोटा मोजायच्या आधी पावती वाचा. भेटू पुढच्या व्हिडिओत!