बदकासारखा खोकला

घरातलं छोटं कुत्रं अचानक मान पुढे काढून, कोपरं फाकवून ‘हॉंक-हॉंक’ असं खोकायला लागलं, की घरच्यांना पहिली शंका येते ती घशात हाड अडकल्याची. कोणी तोंडात बोट घालून बघतं, कोणी पाठीवर थापट्या मारतं. मिनिटभरात खोकला थांबतो, कुत्रं शेपटी हलवत निघून जातं आणि विषय संपतो. मग दाराची बेल वाजते, ते भुंकायला धावतं आणि तोच आवाज पुन्हा येतो. कुत्रं पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, टॉय पूडल किंवा माल्टीज असेल आणि मध्यमवयाकडे झुकलेलं असेल, तर हाडापेक्षा श्वासनलिकेचा संशय आधी घ्यावा.

कुत्र्याची श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांनी उघडी राहते. ही कडी पूर्ण गोल नसतात. इंग्रजी ‘C’ अक्षरासारखी त्यांची एक बाजू, पाठीच्या कण्याकडची, मोकळी असते आणि तिथे स्नायूचा पातळ पडदा ताणलेला असतो. छोट्या जातींच्या काही कुत्र्यांमध्ये या कूर्चेतले पाणी धरून ठेवणारे घटक कमी होतात. कडी मऊ पडतात, चपटी होतात आणि वरचा पडदा सैल होऊन आत लोंबतो. ही प्रवृत्ती बहुधा जन्मजात असते, पण खोकला मात्र लठ्ठपणा, धूर किंवा घशाचा संसर्ग यांचं निमित्त झालं की उघडा पडतो. नळी किती मिटली यावरून डॉक्टर चार पायऱ्या मानतात. पहिलीत साधारण पाव भाग मिटलेला असतो, चौथीत नळी जवळजवळ बंद असते.

ही नळी केव्हा मिटते हे ती कुठे मऊ झाली आहे यावर ठरतं. जाड मिल्कशेक पातळ स्ट्रॉने जोरात ओढला की स्ट्रॉ चपटी होते, तसंच मानेतल्या भागाचं श्वास आत घेताना होतं. छातीतल्या भागाचं उलट आहे. श्वास सोडताना आणि खोकताना छातीतला दाब वाढतो आणि तो नळीला बाहेरून दाबतो. बऱ्याच कुत्र्यांत दोन्ही भाग कमीअधिक बिघडलेले असतात. खोकताना नळीच्या भिंती एकमेकींवर आपटतात, आतलं अस्तर सुजतं, चिकट स्राव वाढतो आणि त्याने पुन्हा खोकला येतो. हे चक्र तोडणं हेच उपचाराचं मुख्य काम.

हार्नेसचं महत्त्व इथेच कळतं. मानेतली श्वासनलिका त्वचेखाली फार खोल नसते आणि गळपट्टा नेमका तिच्यावर येतो. कुत्र्याने दोरी ओढली की सगळा जोर त्या मऊ कड्यांवर पडतो. हार्नेस हा जोर छातीच्या हाडावर आणि बरगड्यांवर नेतो. पण कुठलाही हार्नेस चालत नाही. पुढची पट्टी छातीच्या हाडावर बसणारा, समोरून ‘Y’ आकाराचा हार्नेस घ्यावा. पट्टी गळ्याकडे सरकत असेल तर तो गळपट्ट्याइतकाच वाईट. पट्ट्यांखाली दोन बोटं सहज जावीत आणि दोरी ताणल्यावर पट्टी कुठे सरकते ते घरीच पाहून घ्यावं. नाव-पत्त्याचा बिल्ला लावायला सैल गळपट्टा ठेवला तरी चालतो, फक्त दोरी त्याला बांधायची नाही. एक मर्यादा मात्र आहे. हार्नेस मऊ झालेली कूर्चा पुन्हा कडक करत नाही आणि छातीतल्या भागाला त्याचा थेट उपयोग नाही. तो खोकल्याचं एक कारण काढून टाकतो, एवढंच.

उदाहरणादाखल नऊ वर्षांची, सव्वापाच किलोची पॉमेरेनियन घेऊ. तिच्या हाडापेराला चार किलो वजन पुरे आहे. डॉक्टर आधी तिचं हृदय ऐकतील, कारण या वयात हृदयाची झडप गळू लागते, हृदयाचा डावा कप्पा फुगतो आणि श्वसनमार्गावर दाबून असाच खोकला आणतो. दोन्ही आजार एकाच कुत्र्यात असू शकतात. मग श्वास आत घेताना आणि सोडताना असे छातीचे व मानेचे एक्स-रे काढतात. एक्स-रे ठीक आला म्हणून आजार नाही असं ठरत नाही, कारण नळी त्या क्षणी उघडी असू शकते. शंका राहिली तर चालत्या एक्स-रेवर श्वास बघतात, किंवा भूल देऊन नळीत दुर्बीण घालतात.

निदान झाल्यावर पहिलं औषध असतं कमी खाणं. मानेभोवतीची आणि छातीतली चरबी नळीला जागा उरू देत नाही. चार किलोच्या हिशेबाने तिला दिवसाला साधारण दोनशे कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी त्यातल्या निम्म्याहून अधिक खाऊन टाकते, म्हणून जेवणाच्या टेबलाखालचा घास आधी बंद होतो. आठवड्याला पन्नास ते शंभर ग्रॅम उतरले तर गती योग्य. सव्वा किलो उतरायला तीन ते सहा महिने लागतील.

सोबत खोकला दाबणारं औषध येतं, बहुधा अफूच्या वर्गातलं. सुरुवातीला ते नियमित देऊन चक्र मोडतात, मग हळूहळू कमी करतात. छातीत कफ किंवा न्यूमोनिया असेल तर मात्र खोकला दाबत नाहीत, कारण तिथे तोच छाती साफ ठेवतो. सूज फार असेल तर थोडे दिवस स्टेरॉइड देतात. ते लांबलं तर भूक आणि वजन दोन्ही वाढतात, म्हणून काही कुत्र्यांना मुखवट्यातून इनहेलर देतात. श्वासमार्ग रुंदावणारी औषधं मोठ्या नळीला रुंद करत नाहीत. ती फुप्फुसातल्या बारीक नळ्यांवर काम करतात. घरातलं माणसांचं खोकल्याचं औषध मात्र कधीच देऊ नये. त्यातला पॅरासिटामॉल, नाक मोकळं करणारी औषधं किंवा काही बिनसाखरेच्या औषधांतला झायलिटॉल कुत्र्याला विषारी ठरू शकतो.

घरात उदबत्ती, मच्छर-कॉइल आणि सिगारेट तिच्या खोलीत नको. एप्रिल-मेमध्ये फिरणं पहाटे किंवा रात्री उशिरा. कुत्रं अंग मुख्यतः धापा टाकून गार करतं; धापांनी नळी मिटते, अंग आणखी तापतं आणि हा फेरा जीवघेणा होऊ शकतो. हिरड्या किंवा जीभ निळसर झाली, कुत्रं कोसळलं किंवा खोकला थांबेचना, तर ते गार, शांत ठेवून लगेच दवाखान्यात न्यावं. तिथे ऑक्सिजन आणि शांत करणारं इंजेक्शन देतात. घाबरलेल्या कुत्र्याचा श्वास हळू झाला की नळी बरीचशी आपोआप उघडते.

ब्रिटनमध्ये 1994 साली शंभर कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली 71 कुत्री केवळ औषधं आणि काळजी यांवर वर्षभराहून अधिक काळ ठीक राहिली. म्हणून शस्त्रक्रियेकडे वळतात ते औषधांना दाद न देणाऱ्या कुत्र्यांसाठी. मानेतल्या नळीला बाहेरून कडी शिवता येतात, पण स्वरयंत्राच्या नसेला इजा होण्याचा धोका असतो. छातीतल्या भागासाठी नळीच्या आत धातूच्या जाळीचा स्टेंट बसवतात. त्याने श्वास बहुधा लगेच सुटतो, पण जाळी खोकल्याने तुटू शकते, तिच्या टोकांशी मांस वाढू शकतं आणि खोकल्याची औषधं पुढेही लागतात. म्हणून स्टेंट बसवण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: नळी नेमकी कुठे मिटते, वजन व्हायचं तेवढं उतरलं आहे का, आणि औषध पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस देऊन पाहिलं आहे का.