पासबुकातील लहान आकडे

कारखाना बंद पडला की आम्हां संघटनेच्या माणसांकडे कामगार पासबुके घेऊन येतात. पगार जमा होत होता तोवर खात्यात शिल्लक नसली तरी चालत होते. काही महिने पगार आला नाही, तेव्हा बँकेने ते साधे बचत खाते केले आणि किमान शिलकेची अट लागू झाली. उत्पन्न थांबले त्याच वेळी कापणी सुरू झाली.

ही कापणी कशी होते ते एका हिशेबाने पाहू. समजा, बँकेची अट महिन्याला सरासरी ५,००० रुपयांची आहे व दंड तुटीच्या सहा टक्के आहे. सरासरी म्हणजे रोजच्या दिवसअखेरच्या शिलकांची बेरीज भागिले दिवस. दहा दिवस ९,००० आणि वीस दिवस १,५०० रुपये राहिले, तर बेरीज १,२०,००० व सरासरी ४,००० होते. तूट हजाराची, दंड ६० रुपये आणि त्यावर अठरा टक्के कर धरून ७० रुपये ८० पैसे.

याच माणसाने पुण्यात दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर आधी दोनदा शिल्लक पाहिली व मग पाच वेळा पैसे काढले. परक्या यंत्रावर मुंबईसारख्या सहा महानगरांत तीन, इतरत्र पाच व्यवहार फुकट असतात आणि शिल्लक पाहणेही त्यांत मोजले जाते. म्हणून शेवटच्या दोन वेळांना पैसे पडले. १ मे २०२५ पासून त्याची मर्यादा प्रत्येकी २३ रुपये आहे. करासह झाले ५४ रुपये २८ पैसे. संदेशांचे तिमाहीस १५ रुपये धरले, तर करासह महिन्याला ५ रुपये ९० पैसे. एकूण १३० रुपये ९८ पैसे.

आता बँका ताडून पाहू. स्टेट बँकेने २०२० साली आणि कॅनरा बँकेने जून २०२५ पासून बचत खात्यांवरील किमान शिलकेचा दंड बंद केला. अशा बँकेत ७० रुपये वाचतील. पण एटीएमचे ५४ रुपये तिथेही जातील. ते बँक बदलून नव्हे, सवय बदलून वाचतात. शिल्लक स्वतःच्या बँकेच्या यंत्रावर पाहिली, तर ती फुकट व्यवहारांत मोजली जात नाही.

दंड लागलाच, तर रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०१५ पासूनचा नियम लक्षात ठेवावा. बँकेने आधी कळवून तूट भरण्यास किमान एक महिना दिला पाहिजे. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. आणि केवळ दंडामुळे खाते शून्याखाली जाता कामा नये. पासबुकात वजा शिल्लक दिसली, तर लेखी तक्रार करावी व पोच घ्यावी.

ज्याचे उत्पन्नच अनिश्चित, त्याने आपले खाते मूलभूत बचत ठेव खात्यात बदलून मागावे. त्याला किमान शिल्लक लागत नाही व महिन्याला निदान चार वेळा पैसे फुकट काढता येतात. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. आमच्याकडे आलेल्यांपैकी पुष्कळांना हे खाते असते हेच ठाऊक नव्हते.